काढलेला भाऊ, ठेवलेलं हसू

आमच्या वार्षिक अंकासाठी यंदा एक कथा आली. लेखक तरुण आहे, सेवाग्रामलाच राहतो, आणि दोन लग्नसराया त्यानं स्वतः एका स्टुडिओत लाइट धरून काढल्या आहेत. कथा जेमतेम नऊ पानांची. पण तिच्यावरून निवड करणाऱ्या आम्हा चौघांत दोन तट पडले. भाषेवरून किंवा लांबीवरून पडले असते तर नेहमीचं म्हणून सोडून दिलं असतं. ते पडले कथेतल्या पोरानं केलं ते बरोबर की चूक यावर. अशा वेळी संपादकानं गप्प बसावं असा संकेत आहे. मला तो पाळता आलेला नाही.

आधी कथा सांगतो. सेवाग्राम रोडवरच्या एका मंगल कार्यालयात लग्न आहे. मुहूर्त टळून गेलाय, अक्षता पडल्यात, आणि जेवणाच्या पंगती बसण्याआधी नवरदेवाच्या घरच्यांचा ग्रुप फोटो घ्यायचा आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर. स्टुडिओचा मालक बटन दाबतोय, आणि शिकाऊ पोरगा डाव्या बाजूला सॉफ्टबॉक्सचा स्टँड धरून उभा आहे, कारण कूलरच्या वाऱ्यानं तो डुलतो. ग्रुप फोटोचे नेहमीच पाच-सहा शॉट घ्यावे लागतात. बारा माणसं असली की एका शॉटमध्ये कुणाचा तरी डोळा मिटतोच.

महिनाभरानं नवरदेवाचे वडील अल्बमचं सिलेक्शन करायला येतात. भिंतीवर लावायच्या वीस बाय तीसच्या फ्रेमसाठी ते शेवटचा शॉट निवडतात. त्यात सगळेच छान आलेत. मग खिशातून चष्मा काढून स्क्रीनवर बोट ठेवतात आणि म्हणतात, ''याले काढून टाका तेवढं.'' बोट थोरल्या मुलावर असतं. वावराच्या वाटणीवरून तीन वर्षं बोलाचाल बंद, तो हिंगणघाटला वेगळा राहतो, लग्नाला न बोलावता आला आणि न जेवता गेला. मालक म्हणतो, ''होऊन जाईल काकाजी.'' काम पोराकडे येतं. पोरगा कुरकुरतो तेव्हा मालक त्याला म्हणतो, ''कस्टमर म्हनते त करून दे ना बाप्पा. त्याच्या घरच्या भांडनाशी आपल्याले काय करायचं हाय?''

इथवर कथा कुणीही लिहिली असती. पुढची दोन पानं मात्र ज्यानं हे काम हातानं केलंय त्यालाच लिहिता येतील.

पोरगा फोल्डर उघडतो. `DSC_4127` मध्ये बारा माणसं आहेत, थोरला नाही. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, फक्त आई उजवीकडे, चौकटीच्या बाहेर बघतेय. `DSC_4128` तसाच, फक्त काकाचे डोळे मिटलेले. `DSC_4129` मध्ये आईचा हात वर गेलाय आणि हलल्यामुळे पुसट आलाय. `DSC_4130` मध्ये थोरला अर्धा आत आलाय, पाठमोरा. `DSC_4131` मध्ये तो आईच्या मागे उभा आहे आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर आहे. `DSC_4132` मध्ये सगळे हसताहेत, आई सगळ्यांत जास्त. वडिलांनी निवडला तो हाच.

पोराच्या लक्षात एक सोय येते आणि एक अडचण. सोय अशी की थोरल्याच्या मागे काय होतं ते शोधायला लांब जायला नको. ट्रायपॉड हललेला नाही, त्यामुळे `4128` मधली मागची फुलांची भिंत उचलून `4132` वर नेमकी बसते. या धंद्यात इतकं नशीब रोज नसतं. एरवी माणूस काढला की मागची भिंत आजूबाजूच्या फुलांचे ठिपके उचलून रंगवावी लागते, आणि तेच फूल तीनदा, त्याच कोनात, त्याच पाकळीला तोच डाग घेऊन येतं. केलेली कारागिरी ओळखायची ती तिथेच.

अडचण माणसांची आहे. भिंत जागची हलत नाही, माणसं हलतात. थोरला येताच आत्या त्याला जागा द्यायला एक पाऊल सरकलीय. तो काढला की आत्या आणि मामा यांच्यामध्ये एक माणूस मावेल इतकी फट उरते, आणि ती फट बघणारा कुणीही विचारेल, इथे कोण होतं? म्हणून आत्याला उचलून परत आत सरकवायचं. सरकवली की तिच्या अंगावरचा उजेड मामाच्या अंगावरच्या उजेडाशी जुळत नाही, कारण सॉफ्टबॉक्स डावीकडे आहे आणि थोरल्याची सावली मामाच्या कुडत्यावर पडलीय. ती सावली पुसायची. मग आईचा खांदा. थोरल्याची चार बोटं तिच्या हिरव्या पदरावर आहेत. बोटांखालचा पदर `4128` मध्ये मिळेल म्हणावं तर तिथे आई वळलेली, पदराची चुणी वेगळी. म्हणजे जरीचा काठ हातानं काढायचा. तीस इंच रुंदीच्या फ्रेममध्ये एकेक चेहरा साधारण इंचभर येतो. पंधरा फुटांवरून कळणार नाही, पण घरातली माणसं फ्रेमजवळ जाऊन, बोट लावून बघतात.

पोरगा रात्री साडेअकराला काम संपवतो. आई हसतेय. पोराला ठाऊक आहे ती कुणामुळे हसतेय.

कथेतलं हे मला कळीचं वाटतं, आणि आमचा वाद याच्याभोवतीच फिरला. वडिलांना थोरला नको होता. पण थोरल्यामुळे आलेलं हसू हवं होतं.

पोराच्या बाजूनं, म्हणजे 'काम केलं ते बरोबरच' या बाजूनं, आमच्यातले दोघे होते आणि त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. पहिली गोष्ट कायद्याची. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देऊन काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नाचा फोटो स्टुडिओचा नसून घरच्यांचा. कलम 57 फोटो काढणाऱ्याला एवढा हक्क देतं की त्याच्या कामाची मोडतोड करून त्याच्या नावाला बट्टा लागत असेल तर तो अडवू शकतो. पण बटन मालकानं दाबलंय. पोरानं स्टँड धरलाय. कायद्याच्या पुस्तकात त्याच्यासाठी एक ओळसुद्धा नाही.

दुसरं म्हणणं मला जास्त अवघड गेलं. फोटो मुळात खरा असतो हे कुणी सांगितलं? काकाचे मिटलेले डोळे दुसऱ्या शॉटमधून आणून बसवतात, त्याला कुणी खोटं म्हणत नाही. मागचा पंखा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कडेला पडलेला द्रोण रोज पुसले जातात. नवरीचा रंग उजळतात, आणि ते तर माझ्या मते भाऊ काढण्यापेक्षा जास्त वाईट आहे, पण तो वेगळा लेख. निगेटिव्हच्या काळातही रिटचिंगच्या उतरत्या टेबलावर काच ठेवून, खालून उजेड देऊन, टोक केलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे व्रण बुजवायचे. ते काम करणारा स्टुडिओतला कसबी माणूस मानला जायचा. आणि माणसं फोटोत घालतातच की! वडील लग्नाआधी वारले असतील तर त्यांचा पासपोर्ट फोटो मोठा करून जोडप्याच्या मागे बसवून देतात. विदर्भातल्या कितीतरी घरांत असे फोटो आहेत. तिथे कुणाला नीतिमत्ता आठवत नाही. वारलेला बाप घालता येतो, तर जिता भाऊ का काढता येऊ नये?

मी यावर दोन दिवस अडलो. मग मला फरक दिसला तो असा. वारलेले वडील फोटोत घातले की घरातल्या पोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांना माहीत असतं की ते तिथे नव्हते. घालण्यामागची इच्छा उघड असते. मिटलेले डोळे उघडले तरी त्या काकाचे डोळे सेकंदभर आधी उघडे होतेच. पण थोरला काढण्याचं काम तेव्हाच जमलं म्हणायचं, जेव्हा बघणाऱ्याला तो होता अशी शंकाही येणार नाही. आत्याला सरकवायचं ते त्यासाठीच. इथे खोटं फक्त गैरहजेरीचं नाही. जे दोघं एकमेकांपासून हातभर लांब उभे होते ते खेटून उभे असल्याचं दाखवणं हेही त्यात आलं, आणि आईच्या हसण्याचं कारण पुसून हसू ठेवणं हेही.

सेवाग्रामच्या लेखकानं ही कथा लिहावी याला आणखी एक अर्थ आहे, तो त्याच्या मनात होता की नाही कोण जाणे. या गावातला सर्वांत नावाजलेला फोटोग्राफर हाही शिकाऊच होता. कनू गांधी, नारणदास गांधींचे चिरंजीव, जन्म 1917 चा, आश्रमात पत्रव्यवहार-हिशेब बघणारा पोरगा. त्याला फोटो काढायचे होते. विनोबांचे धाकटे भाऊ शिवाजीराव भावे यांनी त्याला हुरूप दिला. कॅमेऱ्याला आश्रमाचे पैसे मिळणार नाहीत असं गांधीजींनी सांगितलं, तेव्हा घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलिफ्लेक्स आला. गांधीजींच्या अटी तीन होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, मी पोज देणार नाही, आश्रम खर्च करणार नाही. बापूकुटीच्या अर्धवट उजेडात या अटींवर कनूभाईंनी जे फोटो काढले, त्यांत कितीतरी ठिकाणी माणूस पाठमोरा आहे, चेहऱ्यावर काळोख आहे, कडेला कुणाचा तरी पाय आलाय.

निवडीच्या बैठकीत मीच हा दाखला दिला, आणि माझ्याच हातून तो निसटला. एका सहकाऱ्यानं विचारलं, लग्नाचा ग्रुप फोटो म्हणजे सगळा पोजच. त्याला कनूभाईंचा नियम कसा लावता? बरोबर आहे. बारा माणसांना उंचीप्रमाणे उभं करून 'इकडे बघा' म्हणायचं, हीच पहिली जुळवाजुळव. पण त्याच दाखल्यातली दुसरी बाजू मला अजून उपयोगाची वाटते. आगाखान पॅलेसमध्ये फेब्रुवारी 1944 मध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत होत्या, तेव्हा गांधीजींनी कनूभाईंना फोटो घेऊ दिला नाही, असं त्यांच्या आठवणींत येतं. म्हणजे ज्या माणसानं कॅमेऱ्याला जागा दिली त्यानंच एका क्षणी ती नाकारली. न घेतलेला फोटो आणि घेऊन मग पुसलेला फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवरदेवाच्या वडिलांनी मांडवात, सगळ्यांसमोर, 'तू फोटोत उभा राहू नको' असं म्हटलं असतं तर ते कठोर असतं, पण त्याची जबाबदारी त्यांच्या अंगावर राहिली असती. ते म्हणण्याचं धैर्य तेव्हा झालं नाही, आणि महिनाभरानं ते काम रोजंदारीवरच्या पोराच्या माऊसवर आलं.

गांधींच्या घरातही दुरावलेला थोरला होताच. आणि इथे मला माझ्याच बाजूला आवर घालावा लागतो. गांधीजी 30 एप्रिल 1936 ला सेवाग्रामला, तेव्हाच्या सेगावात, आले; पुढच्याच महिन्याच्या अखेरीस हरिलाल यांनी धर्म बदलल्याची बातमी देशभर झाली. जूनच्या सुरुवातीला बंगळूरहून गांधीजींनी जाहीर निवेदन काढलं, ते 'हरिजन'मध्ये छापून आलं. मुलाचं व्यसन, त्याची देणी, सगळं त्यात होतं. त्या बापानं मुलाला चौकटीतून पुसलं नाही हे खरं. पण ते निवेदन आज वाचताना अंगावर काटा येतो. माणूस फोटोत ठेवला म्हणजे त्याच्याशी न्याय झाला असं धरून चालता येत नाही. उजेडात ठेवूनही माणूस सोलून काढता येतो. हिंगणघाटच्या थोरल्याला कुणी विचारलं असतं, तर कदाचित त्यानंच म्हटलं असतं, काढून टाका मला त्या फ्रेममधून.

आणखी एक प्रसंग डोळ्यांपुढे आणून बघितला. समजा मागणी बापाची नसून नवरीची आहे, आणि काढायचा तो तिचा स्वतःचा भाऊ आहे, ज्यानं तिला मारहाण केली. लाजाहोमात लाह्या द्यायला, कान पिळायला तोच पुढे होता, कारण नातेवाइकांसमोर घरच्यांनी नाटक वठवलं. तिला रोज सकाळी चहा करताना समोरच्या भिंतीवर तो चेहरा नको आहे. इथे मी एक क्षणही थांबणार नाही. पोरानं ते काम करावं, नीट करावं, आणि जमलं तर पैसेही घेऊ नयेत. म्हणजे माझा आक्षेप काढण्याला सरसकट नाही. कोण मागतंय, ज्याचा चेहरा रोज बघायचा ती व्यक्ती मागतेय की दुसऱ्याच कुणाच्या रागाचं माप तिच्या भिंतीवर टांगायचं आहे, यावर तो अवलंबून आहे. कथेतलं वीस बाय तीसचं चित्र ज्या बैठकीत लागणार, तिथे आई रोज बसणार आहे.

वडिलांची भीती खरी असती तरी एक गोष्ट होती. कथेत पोराला ते चहाच्या टपरीवर सांगतात की उद्या कोर्टात वाटणीचा दावा लागला तर फोटो दाखवून तो म्हणेल, मी घरातलाच. पण वडिलोपार्जित वावरातला मुलाचा हक्क जन्मानं येतो, लग्नाच्या फोटोत उभं राहून येत नाही. उलट असा फोटो कधी कोर्टात गेलाच तर घोटाळा होईल तो स्टुडिओचा. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे डिजिटल फोटो दाखल करताना प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे त्या फाइलचा आकडेमोडीनं काढलेला ठसा, लिहावा लागतो. एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. मग मूळ फाइल कुठे आहे, ती कुणी बदलली, असा प्रश्न निघाला की बोट पुन्हा त्याच पोराकडे.

तर मग पोरानं करायला काय हवं होतं? नोकरी सोडावी असं म्हणणारे घरी पगार येण्याची वाट बघणाऱ्यांतले नसतात. मला वाटतं, त्याच्या हातात एक सरळ वाट होती आणि ती त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्येच पडलेली होती. `4127`. तो फोटो खरा आहे. त्यात थोरला नाही, आत्याला सरकवायला नको, सावली पुसायला नको, जरी रंगवायला नको. वडिलांना हवी ती मांडणी त्यात तंतोतंत आहे. फक्त आई दुसरीकडे बघतेय. पोरानं काकाजींपुढे `4127` आणि `4132` शेजारी शेजारी उघडून ठेवायचे आणि म्हणायचं, काकाजी, यातला कोणता देऊ? दोन्ही खरे आहेत. मधला मी बनवू शकतो, पण तो कुणीच काढलेला नाही.

सहकारी म्हणाले, काकाजी तरीही मधलाच मागतील. मागतील, बहुतेक. तेव्हा करून द्यावा, मूळ फाइलला हात न लावता वेगळी प्रत करून, आणि अल्बमच्या पेनड्राइव्हमध्ये सहाही शॉट जसेच्या तसे द्यावेत. भिंत त्यांची आहे. पण ती निवड त्यांनी दोन फोटोंपुढे बसून करावी, 'तेवढं काढून टाका' एवढ्यावर ती सुटू नये. हे मला पुरेसं वाटतं. चौघांतल्या एकाला अजूनही वाटत नाही, आणि त्याचं म्हणणं असं की दुकानदारानं गिऱ्हाइकाला आरसा दाखवायला बसू नये. त्याचंही ऐकून ठेवलं आहे.

कथेच्या शेवटाबद्दल मात्र आमच्यात एकमत झालं, की तो कच्चा आहे. पोरगा थोरल्याचा थर पुसत नाही, फक्त त्याच्यापुढचं डोळ्याचं चिन्ह बंद करतो आणि फाइल सेव्ह करतो. म्हणजे भाऊ आत आहे, दिसत नाही एवढंच. वाचकाला हे गोड लागतं आणि पोराचं मन शांत होतं, पण आईला त्या बंद थराचा काही उपयोग नाही. स्टुडिओतली हार्ड डिस्क दोन-तीन लग्नसरायांत भरते, आणि मग जुनं पहिलं उडवतात ते याच जाडजूड फायलींपासून.

मी लेखकाला फोन केला. म्हटलं, नऊ पानांत बाप बोलतो, मालक बोलतो, पोरगा मनात बोलतो. आईला कुणी एकदाही विचारत नाही की तुम्हाला यातला कोणता फोटो हवा. तेवढी एक जागा बघता का?

तो बराच वेळ काही बोलला नाही. मागून गाईच्या घंटेचा आवाज येत होता. मग म्हणाला, ''सर, तिले विचारलं असतं त कथाच नसती ना झाली.''

मी त्याला पंधरा दिवस दिले आहेत.